मृत्युपत्रात सगळं भावाला: अविवाहित मुलगी आणि दिव्यांग सज्ञान मुलगा यांचा हक्क कुठे उरतो?

प्रश्न: वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, गेल्या वर्षी वारले. आई त्याआधीच गेली. माझं वय ४६, लग्न झालेलं नाही, घरी शिकवण्या घेते. धाकट्या भावाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे, वय ३८, त्याचं सगळं मीच बघते. वडिलांच्या नोंदणीकृत मृत्युपत्रात फ्लॅट आणि ठेवी दादाच्या नावे आहेत. आम्ही दोघं अजून त्याच फ्लॅटमध्ये राहतो. दादा म्हणतो, तुमचा काही हक्क नाही, फ्लॅट विकायचाय. खरंच काही हक्क नाही का?

उत्तर:

ताई, हक्क आहे. पण तुमचा आणि धाकट्या भावाचा हक्क एकाच कायद्यातून येत नाही, आणि बहुतेक प्रकरणं बिघडतात ती इथेच. दोघांसाठी मिळून एकच अर्ज केला जातो, त्यात दिव्यांग भावाची मागणी चुकीच्या कलमाखाली बसते आणि तिच्याबरोबर बहिणीचीही मागणी लांबणीवर पडते. म्हणून दोन्ही वेगळे घेतो.

आधी तुमचं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २१ मध्ये मयताच्या ‘आश्रितां’ची यादी आहे. त्यात अविवाहित मुलगी आहे, ती अविवाहित असेपर्यंत, वयाची कुठलीही अट नाही. कलम २२ सांगतं की अशा आश्रिताला मृत्युपत्राने किंवा वारसाने मालमत्तेत काहीच वाटा मिळाला नसेल, तर ज्यांनी ती मालमत्ता घेतली त्यांनी तिच्यातून आश्रिताचा निर्वाह चालवला पाहिजे. म्हणजे वडिलांना स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देता येते हे खरं, पण ती घेणाऱ्याच्या हाती तुमच्या पोटगीची जबाबदारी घेऊनच जाते. दादा म्हणतो ते अर्धंच खरं आहे.

ही जबाबदारी मालमत्तेपुरती आहे. दादाचा पगार किती हा इथे प्रश्नच नाही; त्याच्या हाती वडिलांकडून काय आलं एवढंच मोजायचं. बरेच जण दावा भावाच्या नोकरीच्या पगाराभोवती रचतात, तो पगार सिद्ध करण्यात दोन वर्षं घालवतात, आणि शेवटी मयताच्या मालमत्तेचा कागदच रेकॉर्डवर नसतो. मालमत्ता एकापेक्षा जास्त जणांनी घेतली असेल तर प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात असते.

‘काहीच वाटा मिळाला नसेल’ या शब्दांकडे नीट बघा. मृत्युपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कधी कधी मधेच एखादं वाक्य असतं की ‘मुलीला आईचे दागिने द्यावेत’ किंवा ‘तिला पन्नास हजार रुपये द्यावेत’. तेवढ्यावरून समोरचा वकील म्हणणार की वाटा मिळाला आहे, कलम २२ लागत नाही. असं काही असेल तर ती रक्कम घेण्याआधी वकिलाशी बोला, आणि हक्कसोडपत्रावर किंवा ‘मला काही तक्रार नाही’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. मृत्युपत्राची प्रमाणित प्रत दादाने दिली नाही तरी अडत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्राची प्रत, करणाऱ्याच्या मृत्यूनंतर, अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयातून कोणालाही मिळते. मृत्यूचा दाखला जोडा.

रक्कम कशी ठरते ते आकड्यांत बघू. समजा फ्लॅट ६० लाखांचा, ठेवी १८ लाखांच्या, आणि वडिलांचं देणं २ लाख. देणी आधी फिटतात, म्हणून निव्वळ मालमत्ता ७६ लाख. तुमचा महिन्याचा खर्च किराणा आणि जेवण ९,०००, औषधं २,५००, कपडे-वीज-फोन १,५००, आणि वेगळं राहावं लागलं तर भाडं ७,०००. एकूण २०,०००. शिकवण्यांतून ६,००० येतात. उरतात १४,०००. आता राहत्या फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क मागितला आणि मिळाला, तर भाडं वगळून मागणी ७,००० वर येते. देणं फेडून राहिलेल्या १६ लाखांच्या ठेवींवर ७ टक्के धरले तर वर्षाला १,१२,००० व्याज, म्हणजे महिन्याला ९,३०० च्या वर. ७,००० त्यात बसतात, मुद्दलाला हात लागत नाही. न्यायालयापुढे असा हिशेब ठेवला की मागणी पटते. कलम २३ मध्ये न्यायालयाने काय बघायचं ते दिलेलं आहे: देणी वजा जाता मालमत्ता किती, मृत्युपत्रात तुमच्यासाठी काही तरतूद आहे का, तुमच्या रास्त गरजा, तुमचं स्वतःचं उत्पन्न, मयताशी तुमचं नातं आणि संबंध कसे होते, आणि आश्रित किती आहेत. वडिलांची शेवटची आजारपणं तुम्ही काढली असतील तर दवाखान्याच्या केसपेपरवर नातेवाईक म्हणून कोणाची सही आहे, औषधाची बिलं कोणाच्या खात्यातून गेली, हे ‘संबंध कसे होते’ या मुद्द्याचे पुरावे आहेत. जपून ठेवा.

शिकवण्यांचं उत्पन्न लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, बँकेच्या उताऱ्यांसह. पालक फी यूपीआयने पाठवतात. ते उताऱ्यात ठळक दिसतं. ६,००० लपवायला गेलात तर बाकीच्या १४,००० वरचा विश्वासही जातो.

आता फ्लॅट विकण्याचा धोका, कारण वेळ सगळ्यात कमी इथेच आहे. पोटगीचा हक्क आपोआप मालमत्तेवर बोजा होत नाही. तो मृत्युपत्राने, कराराने किंवा हुकुमानेच होतो. पण मालमत्ता विकत घेणाऱ्याला तुमच्या हक्काची माहिती असेल, किंवा ती त्याला फुकट मिळाली असेल, तर कलम २८ खाली हक्क त्याच्याविरुद्धही चालतो. म्हणून ‘माहिती’ हाच तुमचा बांध आहे. वकिलामार्फत दादाला नोटीस द्या. तिची प्रत सोसायटीच्या सचिवाला आवकचा शिक्का घेऊन द्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. दाव्यात नुसती पोटगी मागू नका, ‘या फ्लॅटवर पोटगीचा बोजा ठेवावा’ ही मागणी फ्लॅटच्या पूर्ण वर्णनासह लिहा. ही एक ओळ राहिली तर दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधली जात नाही, कारण मग त्या मालमत्तेतला हक्क दाव्यात वादात आहे असं म्हणता येत नाही. बोजाची मागणी असली की दावा प्रलंबित असल्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे करून घ्या आणि विक्रीवर तात्पुरता मनाई हुकूम मागा. ज्याला गृहकर्ज घ्यायचं आहे असा खरेदीदार ही नोंद बघून बहुधा तिथेच थांबतो.

घर सोडू नका. आजपर्यंत तिथे राहत आहात ही तुमची मोठी बाजू आहे. दादा त्या घरात तुमच्याबरोबर राहत असेल किंवा राहिलेला असेल आणि आता कुलूप बदलणं, वीज तोडणं, दमदाटी असं काही करत असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली बहीणही भावाविरुद्ध निवासाचा आदेश मागू शकते. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं.

पोटगीचा दावा जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे त्याच न्यायालयात, नसेल तर दिवाणी न्यायालयात. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने स्त्रियांना पोटगीच्या आणि मालमत्तेच्या वादात न्यायालयीन शुल्क माफ आहे. दाव्याच्या पहिल्या पानावर त्या अधिसूचनेचा उल्लेख करा, नाहीतर नोंदणी कारकून शुल्क भरायला सांगून फाइल परत करतो. अंतिम निकालाला वर्षं लागतात, म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज दाव्याबरोबरच द्या. १९५६ च्या कायद्यात अंतरिम पोटगीचं वेगळं कलम नाही, तरी न्यायालयं आपल्या अंगभूत अधिकारात ती देतात. आणि दादाने स्पष्ट नकार दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं उलटू देऊ नका. मागची थकबाकीही तीन वर्षांपलीकडे मागता येत नाही. त्याने नकार व्हॉट्सॲपवर दिला असेल तर तो मेसेज पुसू नका, त्यात तारीख आहे.

आता धाकटा भाऊ. इथे कायद्यातली पोकळी स्पष्ट सांगायला हवी. कलम २१ च्या यादीत मुलगा आहे, पण फक्त अज्ञान असेपर्यंत. सज्ञान दिव्यांग मुलगा त्या यादीत नाही. हे अन्यायाचं आहे असं माझं ठाम मत आहे, पण कायदा आज असा आहे. त्याच्यासाठी दादाविरुद्ध कलम २२ चा दावा लावला तर तो टिकणार नाही. दुसरीकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुनं कलम १२५, शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान अपत्याला पोटगी देतं. पण ती आई-बापाकडून, त्यांच्या हयातीत. वडिलांच्या मृत्यूने तो रस्ता बंद झाला. भावाकडून किंवा मागे राहिलेल्या मालमत्तेतून त्या कलमाखाली काही मिळत नाही.

मग त्याच्यासाठी काय उरतं? सर्वात आधी, आणि न्यायालयात न जाता मिळणारं, म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. वडील केंद्र सरकारच्या खात्यातले, त्यामुळे केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ लागू होतात. दिव्यांगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला हे निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं. मृत्युपत्राचा त्याच्याशी काहीच संबंध नाही, कारण कुटुंब निवृत्तिवेतन ही वडिलांची मालमत्ता नव्हेच. ते नियमांनी थेट कुटुंबीयाला मिळतं. दर सामान्यतः शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये, वर महागाई दिलासा. सुधारित मूळ वेतन ४२,००० धरलं तर १२,६०० अधिक दिलासा. २५ वर्षांवरची अविवाहित, पोट भरेल एवढी कमाई नसलेली मुलगीही या नियमांत पात्र आहे, पण दिव्यांग अपत्य असताना आधी त्याचा क्रम, मग तिचा. म्हणजे आज अर्ज धाकट्या भावाच्या नावाने करायचा. तुमचं नावही कुटुंबाच्या तपशिलात नोंदलेलं आहे ना, हे वडिलांच्या शेवटच्या कार्यालयात आत्ताच तपासून घ्या.

हा अर्ज अडकतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. यूडीआयडी कार्डावर टक्केवारी असते, पण ‘यामुळे तो उपजीविका करू शकत नाही’ हे कार्डावर नसतं. ते वाक्य सक्षम वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रात हवं. दिव्यांगत्व आई-वडिलांच्या हयातीतलं आहे याचा जुना पुरावाही जोडा: विशेष शाळेचा दाखला, लहानपणचे दवाखान्याचे कागद, एसटीचा सवलत पास, काहीही चालेल, तारीख दिसली पाहिजे. दुसरं म्हणजे पालकत्व. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या वतीने पैसे कोण घेणार, हे कार्यालय विचारणारच.

बहीण म्हणून तुम्ही त्याच्या आपोआप पालक होत नाही. तो १८ वर्षांचा झाला तेव्हाच कायद्याने सज्ञान झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती (लोक बोलताना ‘लोकल लेव्हल कमिटी’च म्हणतात) ‘नमुना अ’ मधल्या अर्जावर कायदेशीर पालक नेमते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्ह्यातल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज जातो. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. त्याच्यासाठी वेगळं बँक खातं उघडा, घरखर्चात मिसळू नका. एक सावधगिरी: निवृत्तिवेतनाचं कळलं की दादाही पालकत्वासाठी अर्ज करू शकतो. तुम्ही आधी करा, आणि त्याने केला असेल तर हरकत लेखी द्या. रोज त्याला आंघोळ, जेवण, औषध कोण देतं याबद्दल शेजाऱ्यांची, त्याच्या कार्यशाळेतल्या शिक्षकांची पत्रं जोडा. (मानसिक आजार, उदाहरणार्थ स्किझोफ्रेनिया, या कायद्यात येत नाही, तिथे मार्ग वेगळा.)

त्याच्यासाठी दुसरी वाट म्हणजे मृत्युपत्राचीच तपासणी. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. दोन साक्षीदारांनी साक्षांकन केलेलं असावं लागतं, आणि हयात असल्यास त्यांपैकी निदान एकाला न्यायालयात येऊन सांगावं लागतं की वडिलांनी सही केली किंवा ती आपली असल्याचं त्याच्यापाशी कबूल केलं, आणि त्यानेही वडिलांसमोर सही केली. स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला एका शब्दानेही न उल्लेखता वगळणं, मृत्युपत्र करताना लाभार्थी मुलाचा पुढाकार असणं, त्या काळात वडील दवाखान्यात असणं, या संशयास्पद परिस्थिती आहेत आणि त्या दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर, म्हणजे दादावर आहे. मृत्युपत्र पडलं तर तुम्ही तिघंही वर्ग एकचे वारस. वरच्या आकड्यांत प्रत्येकाला ७६ लाखांचा तिसरा हिस्सा, सुमारे २५ लाख ३३ हजार. दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही, हे हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे. ठेवीवर दादाचं नाव नॉमिनी म्हणून असणं हाही मालकीचा पुरावा नव्हे; नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते वारसांचेच असतात.

गावाकडे जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार काढा. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही जन्माने हिस्सा आहे. वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. आई हयात नसल्याने वडील आणि तुम्ही तिघं असे चार वाटे. त्यांतला एकच मृत्युपत्राने दादाकडे जाईल, एक एक तुमचा आणि धाकट्याचा राहील. मात्र आजोबांच्या नावची जमीन म्हणजे आपोआप वडिलोपार्जित, असं नाही. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते. उत्तर फेरफाराच्या तारखेत आणि आजोबांकडे ती कशी आली त्यात असतं.

मृत्युपत्राला आव्हान आणि वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात जातो, तुमच्या पोटगीचा कुटुंब न्यायालयात. पोटगीच्या दाव्यात ‘मृत्युपत्र मान्य नाही, पण ते खरं ठरलं तरी ही मागणी आहे’ असं नेमकं लिहा. हे वाक्य नसेल तर दादाचा वकील दुसऱ्या न्यायालयात म्हणेल की बहिणीने मृत्युपत्र मान्य केलंय. वाटपाच्या दाव्यात धाकट्याच्या वतीने वादमित्र, म्हणजे त्याच्यासाठी दावा चालवणारी व्यक्ती लागते, आणि ज्याचे हितसंबंध त्याच्याविरुद्ध नाहीत अशीच व्यक्ती चालते. वाटपापुरतं तुमचं आणि त्याचं हित एका बाजूला आहे, त्यामुळे तुम्ही उभ्या राहू शकता.

दादा तडजोडीला तयार झाला तर एकरकमी पैशांपेक्षा घराचा विचार करा. फ्लॅटमधला हिस्सा किंवा छोटं घर तुमच्या नावे होत असेल तर दस्तात ‘पोटगीच्या हक्कापोटी’ हे शब्द असू द्या आणि ‘हयातीपुरतं’ असा शब्द येऊ देऊ नका. निर्वाहाच्या हक्कापोटी हिंदू स्त्रीला मिळालेली मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे तिची पूर्ण मालकीची होते, पण दस्ताची भाषा ढिली असली की वाद पुन्हा उभा राहतो. महिन्याची रक्कम ठरली तर ती हुकूमनाम्यात यावी. परिस्थिती बदलली की दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २५ खाली ती वाढवून मागता येते.

ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. सज्ञान, धडधाकट अविवाहित मुलीला दंडाधिकाऱ्याकडून पोटगी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० रोजी तिला १९५६ च्या कायद्याचं कलम २० दाखवलं, आणि तिथे स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नाही हे तिने दाखवायचं असतं. दिव्यांग अपत्याने मात्र आई-वडील हयात असतानाच कलम १४४ चा अर्ज करावा. हा सगळा १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, आणि गोव्यात अपत्यांसाठी निम्मी मालमत्ता राखीवच असते, तेव्हा तिथे प्रश्न असा उभाच राहत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा धरा: या आठवड्यात नोटीस आणि सोसायटीला पत्र, त्याच सुमारास पालकत्वाचा अर्ज आणि वैद्यकीय मंडळाची तारीख, मृत्युपत्राची प्रत हाती येताच पोटगीचा दावा बोजाच्या मागणीसह. वाटपाचा दावा साक्षीदार कोण आणि ते हयात आहेत का हे कळल्यावर. निवृत्तिवेतनाची थकबाकी वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मागा. अर्जात ती तारीख स्वतः लिहा.